रात्री दीडची जळजळ आणि टाचदुखीची गोळी

प्रश्न : माझं वय ४४. घरीच शिवणकाम करते. गेले दोन-अडीच महिने रात्री दीड-दोनच्या सुमाराला पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या मधोमध, आग पडून जाग येते. दोन बिस्किटं आणि अर्धा कप थंड दूध घेतलं की थोड्या वेळात शांत होतं. सकाळी उठल्यावर काही नसतं, पण अकरा-साडेअकराला पुन्हा कुरतडल्यासारखं होतं. गुरुवारी आणि संकष्टीला उपास असतो, त्या दिवशी फार त्रास. नणंद म्हणते हा अल्सरच. म्हणून तिखट, लसूण, शेंगदाण्याचं कूट सगळं बंद केलंय. मऊ भात आणि दुधावर आहे. दुकानातून आणलेली पित्ताची गोळी घेते तोवर बरं असतं, बंद केली की परत तेच. टाच दुखते म्हणून एक गोळी दिवसाआड घेते, पण ती जेवल्यावरच, त्यामुळे तिचा संबंध नसावा. दुर्बिणीची भीती वाटते. हा अल्सर आहे का? आणि मी खाऊ तरी काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमच्या नणंदेचा अंदाज अगदीच हवेतला नाही. जठरात आम्ल दिवसरात्र तयार होत असतं, पण रात्री साधारण दहा ते दोन या वेळात ते सगळ्यात जास्त सुटतं आणि नेमकं तेव्हाच त्याला सामावून घ्यायला पोटात अन्न नसतं. जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो पहिला वीतभर भाग असतो, त्याला डॉक्टर ड्युओडेनम म्हणतात. तिथे जखम असेल तर हे आम्ल तिच्यावरून वाहतं आणि माणूस मध्यरात्री उठून बसतो. काही खाल्लं की आम्ल अन्नात मुरतं, आग थांबते. दोन-तीन तासांनी अन्न पुढे सरकलं की पुन्हा सुरू. तुमचं साडेअकराचं कुरतडणं यात बसतं. सकाळी आठचा नाश्ता तोवर जठरातून निघून गेलेला असतो. जखम जठरातच असेल तर बऱ्याचदा याच्या उलट होतं. घास पोटात गेला की दुखायला लागतं, माणूस जेवायला घाबरतो आणि वजन उतरतं.

एवढं सगळं जुळत असलं तरी घड्याळावरून अल्सर ठरवता येत नाही. अगदी अशीच तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी जणांच्या पोटात दुर्बीण घातल्यावर आतलं अस्तर स्वच्छ निघतं. त्यांचं दुखणं खोटं नसतं, पण तिथे जखम नसते. जठराच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. उलट प्रकारही आहे आणि तो जास्त घातक. वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत जखम चांगली खोल असूनही दुखतच नाही, आणि पहिली खूण म्हणून थेट रक्तस्राव होतो. म्हणून 'अल्सर आहे का' या प्रश्नाला पत्रावरून उत्तर देणं मी टाळतो. शक्यता चांगली आहे, एवढंच म्हणतो.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : गोळी जेवल्यावरच घेते, त्यामुळे तिचा संबंध नसावा. बहुतेकांची हीच समजूत असते. ही गोळी पोटात पडली की तिथे चटका लावते, म्हणून खाली अन्नाचा थर असला की झालं, असं आपल्याला वाटतं. तसा थोडाफार चटका लागतोही, पण खरी इजा दुसऱ्या वाटेने होते. जठराच्या आतल्या कातडीवर एक चिकट थर असतो, तो तिचं आम्लापासून रक्षण करतो. तो थर टिकवायला आणि तिथला रक्तपुरवठा चालू ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. टाचेतली सूज आणि दुखणं वाढवण्यातही याच कुटुंबातल्या द्रव्यांचा हात असतो. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन या गोळ्या ती द्रव्यं बंद पाडतात, आणि रक्तातून साऱ्या शरीरात बंद पाडतात. टाचेला आराम पडतो आणि जठराचं कवच पातळ होतं. म्हणून जेवणानंतर घेतली तरी, वर गुळगुळीत आवरण असलेली घेतली तरी, अगदी कमरेत इंजेक्शन घेतलं तरी जठराला धोका राहतोच.

तेव्हा आज पहिलं काम म्हणजे ती पट्टी हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. दुकानात 'अंगदुखीची साधी गोळी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांत दोन औषधं एकत्र असतात. एक पॅरासिटामॉल, दुसरं वर सांगितलेल्यांपैकी एक. वरचं ठळक नाव कंपनीचं असतं, त्यावरून काही कळत नाही. त्यातलं एखादं नाव सापडलं तर ती गोळी बंद करा. नुसतं पॅरासिटामॉल जठराच्या कवचाला असा धक्का देत नाही, त्यामुळे टाच अगदीच ठणकली तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चालेल. यकृताचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. टाचेवर चोळायचं मलमही चालेल, त्यातलं औषध रक्तात फार थोडं उतरतं. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकण्याआधी पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम आणि घरातही मऊ चप्पल, याने टाचदुखी पुष्कळ आटोक्यात येते. शिलाई मशीन पायाची असेल तर कोणत्या पायावर जोर येतो तेही पाहा.

इथे इतर वाचकांसाठी थांबून एक सांगतो. हृदयविकार झालेल्यांना किंवा स्टेंट बसवलेल्यांना 'रक्त पातळ होण्याची' म्हणून ॲस्पिरिनची छोटी गोळी दिलेली असते. ती मनाने बंद करू नका. ती थांबवल्याने होणारा धोका पोटाच्या जळजळीपेक्षा मोठा असू शकतो. डॉक्टर तिच्या जोडीला आम्ल कमी करणारी गोळी देतात आणि दोन्ही बाजू सांभाळतात.

आता तिखटाबद्दल. १९८०च्या आधीपर्यंत डॉक्टरसुद्धा अल्सरचं खापर तिखट, काळजी आणि जास्तीच्या आम्लावर फोडत, आणि रुग्णाला दूध-सायीवर ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी जठराच्या अस्तरात राहणारा एक वळणदार जंतू शोधला. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शलनी १९८४मध्ये तो जंतू स्वतः पिऊन घेतला आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५चं नोबेल पारितोषिक दोघांना त्यासाठीच मिळालं. हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. डॉक्टर थोडक्यात 'एच. पायलोरी' म्हणतात. आपल्याकडे तो बहुधा लहानपणीच, घरातल्याच माणसांकडून पोटात शिरतो आणि वर्षानुवर्षं मुक्काम करतो. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, थोड्यांना अल्सर होतो. ड्युओडेनमच्या अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि वेदनाशामक गोळी. दोन्ही एकाच पोटात असली तर धोका आणखी वाढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची जखम भरायला वेळ लागतो आणि ती परतही येते.

तिखटाने अल्सर होत नाही. आधीच सोललेल्या जागेवर ते झोंबतं, एवढंच. म्हणून ठेचा काही दिवस लांब ठेवा, पण मऊ भातावर दिवस काढायची काही गरज नाही. भाकरी, आमटी, पालेभाजी, बेताच्या तिखटाची उसळ, कूट घातलेली कोशिंबीर, सगळं परत सुरू करा. एखादी गोष्ट खाल्ली की दर वेळी त्रास होतोच असं तुम्हाला स्वतःला दिसलं, तर तेवढीच सोडा. नुसत्या भात-दुधावर राहून प्रथिनं आणि लोह कमी पडतं, आणि जखम भरायला तीच लागतात.

जंतू आहे की नाही हे कळायला दोन चांगल्या तपासण्या आहेत : फुंकरीची, म्हणजे युरिया ब्रेथ टेस्ट, आणि शौचाच्या नमुन्यातली अँटिजेन टेस्ट. दुर्बीण केलीच तर अस्तराचा चिमूटभर तुकडा घेऊनही कळतं. रक्तातली अँटीबॉडी तपासून घेऊ नका. जंतू पूर्वी कधीतरी येऊन गेला असेल तरी ती होकारार्थी येते, आज तो आहे का ते सांगत नाही. या तपासण्यांत एक गफलत नेहमी होते आणि तुमच्याही बाबतीत ती होऊ शकते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही 'पित्ताची गोळी' चालू असताना जंतू दबून राहतो आणि तपासणी खोटी नकारार्थी येते. तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे, आणि कोणतंही अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. तुम्ही दुकानातून आणून ती मधूनमधून घेताय, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच याची खात्री धरू नका. मधल्या दोन आठवड्यांत रात्री आग पडली तर पातळ अँटासिड दोन चमचे, म्हणजे १० मिली, घेऊन भागवता येतं. तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते दुसरा मार्ग काढतील.

दुर्बिणीचं काय? साठीच्या आतलं वय, धोक्याची एकही खूण नाही, अशा रुग्णात आधी जंतूची तपासणी करून, असेल तर उपचार करून, गरज पडल्यास मग दुर्बीण, हा सर्वमान्य रस्ता आहे. आपल्याकडे बरेच डॉक्टर साठीपर्यंत थांबत नाहीत, आधीच दुर्बीण सुचवतात. तुमच्या बाबतीत तुम्ही महिनोन्महिने वेदनाशामक घेताय आणि पित्ताची गोळी थांबली की दुखणं परत येतंय, म्हणून माझा कल दुर्बीण लवकर करण्याकडे आहे. तुमच्या डॉक्टरांनी आधी फुंकरीची तपासणी सुचवली तर तेही चूक नाही. भीतीचं म्हणाल तर प्रकार असा असतो : सहा-आठ तास उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं ठेवतात आणि करंगळीपेक्षा बारीक नळी आत जाते. नळी घशातून उतरताना एक-दोनदा उमासे येतात, तोच काय तो वाईट क्षण. नाकाने संथ श्वास घेत राहायचं. पाच-दहा मिनिटांत संपतं. फारच धास्ती असेल तर झोपेचं इंजेक्शन मागा. मात्र मग सोबत कुणीतरी हवं आणि त्या दिवशी स्कूटी चालवायची नाही. जखम जठरात सापडली तर तिथला तुकडा तपासायला पाठवतात आणि काही आठवड्यांनी दुर्बीण बहुधा पुन्हा करतात, कारण जठरातली जखम कधीकधी कर्करोगाची असते. ड्युओडेनममधल्या जखमेत तशी शंका सहसा नसते.

जंतू सापडला तर बहुधा १४ दिवसांचा कोर्स मिळेल : आम्ल कमी करणारी गोळी दिवसातून दोनदा आणि जोडीला दोन-तीन औषधं, त्यात बऱ्याचदा बिस्मथही असतं. आपल्याकडे या जंतूवर काही अँटिबायोटिक्स आता नीट चालत नाहीत, त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी दाखवून तेच औषध आणू नका. तोंडाला धातूसारखी चव येते, थोडं मळमळतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पोट शांत झालं की बरेच जण गोळ्या सोडून देतात. अर्धवट मेलेला जंतू मग जास्त चिवट होऊन राहतो. चौदाच्या चौदा दिवस पुरे करा. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून जंतू गेल्याची खात्री करायची असते. दुखणं थांबलेलं असतं म्हणून हे सगळेच टाळतात, पण जंतू राहिला तर ड्युओडेनमचा अल्सर बहुतेकांत वर्षभरात परत येतो. जंतू गेला आणि वेदनाशामक बंद राहिली तर तो क्वचितच परततो.

पित्ताच्या गोळीची वेळही सांगून ठेवतो, कारण ती रात्री जेवल्यावर घेणारे पुष्कळ भेटतात. ही गोळी आम्लाचे पंप बंद करते, आणि ते पंप खाण्याने सुरू होतात. म्हणून ती खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची. सकाळी उठून गोळी, मग आंघोळ, मग नाश्ता, असं बसवलं की विसरत नाही.

आता खाण्याच्या वेळा. तुमचं रात्रीचं दूध त्या क्षणी आम्ल सौम्य करतं हे खरं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम तासाभरात जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. झोपण्याआधी मुद्दाम काही खाऊन ठेवण्याचंही तसंच. खाल्ल्याने सुटलेलं आम्ल मध्यरात्री रिकाम्या पोटात उरतं. उपचार सुरू होईपर्यंत कधीतरी जागच आली तर दूध प्या, त्याने अपाय नाही. रोजचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नका एवढंच. खाण्याच्या सोड्याने ढेकर येऊन बरं वाटतं, पण आम्ल पुन्हा उसळतं आणि रक्तदाब असलेल्यांना त्यातलं सोडियम बाधतं.

सकाळचा पहिला चहा रिकाम्या पोटी नको, पोळी किंवा पोह्यांसोबत घ्या. साडेआठला नाश्ता, साडेबाराच्या आत जेवण, पाचला काहीतरी खरं खाणं, म्हणजे फुटाणे, केळं किंवा अर्धी भाकरी, आणि साडेआठपर्यंत रात्रीचं जेवण. शिवणाची घाई असली की दुपारचं जेवण तीनला आणि मध्ये चारदा चहा असं होत असणार. सलग सात-आठ तास पोट रिकामं ठेवून वर चहा ओतणं, हे मला तुमच्या तिखटापेक्षा जास्त खटकतं. पित्ताची गोळी चालू असेल तर सकाळच्या चहाचीही वेळ तिच्यानंतरची.

संकष्टीचा उपास तर यातला सगळ्यात अवघड दिवस. दिवसभर चहा आणि एखादा साबुदाणा वडा, मग चंद्रोदयाची वाट पाहत नऊ-साडेनऊला भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. पुढचे दोन-तीन महिने, जखम भरेपर्यंत, उपास सोडता आला तर उत्तम. मनाला पटत नसेल तर दिवसभर पोट रिकामं ठेवू नका : सकाळी राजगिऱ्याची लापशी, दुपारी भगर आणि ताक, चार-पाचला केळं किंवा उकडलेलं रताळं. मग चंद्रोदयानंतरचं जेवण आपोआप हलकं होईल. तळलेलं त्या दिवशी नको. गुरुवारचंही असंच.

हे सगळं सावकाश करता येण्यासारखं आहे. काही खुणा मात्र सावकाशीने घ्यायच्या नाहीत. त्यातली घरातल्या घरात हुकणारी खूण म्हणजे काळी शौच. रक्त जठरात सांडलं की आम्लाने काळं पडतं आणि शौच डांबरासारखी होते : काळीभोर, चकचकीत, चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि नेहमीपेक्षा वेगळा उग्र वास असलेली. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथनेही शौच काळी होते, त्यामुळे घोळ होतो. त्यांची काळी शौच सहसा बांधीव, मंद, हिरवट झाक असलेली असते आणि तिला तो वास नसतो. शंका राहिली तर डॉक्टरांकडे जाऊन दाखवा. रक्त लाल दिसलं नाही म्हणजे रक्त नाही, असं समजू नका. रक्तस्राव हळूहळू असेल तर रंगावरून काही कळतही नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जातं, जिना चढताना धाप लागते. तुमच्या वयात ते पाळीवर ढकलून मोकळं होण्याची सवय आहे, डॉक्टरांनाही. म्हणून पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन तपासून घ्या.

न ठरवता वजन उतरणं, घास अडकणं, आदल्या दिवशीचं अन्न उलटीत पडणं, घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असणं, किंवा साठीच्या आसपास हा त्रास पहिल्यांदाच सुरू होणं, यातलं काहीही असेल तर घरचे प्रयोग थांबवून दुर्बीण करून घ्यायची. तुम्ही खाणं कमी केलंय, त्यामुळे दोन किलो उतरले तर ते त्यानेही असेल. नेहमीचं जेवण सुरू केल्यावरही काटा खालीच जात राहिला तर मात्र आठवडाभरातच दाखवा.

आणि एक, जळजळ नेहमी पोटाचीच असते असं नाही. चालताना किंवा जिना चढताना वाढणारी, घाम फुटवणारी, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी जळजळ हृदयाची असू शकते, विशेषतः मधुमेह असलेल्यांत. तिथे अँटासिड पिऊन वाट पाहायची नाही, ईसीजी काढायचा.

रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, काळ्या शौचेबरोबर चक्कर, किंवा सुरी खुपसल्यासारखी अचानक सुरू झालेली कळ आणि फळीसारखं कडक झालेलं पोट, असं झालं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. काही खाऊपिऊ नका आणि १०८ला फोन करून त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जा. जाताना ती टाचदुखीची पट्टी बरोबर घ्या.